पुरळ उठल्याची तारीख

२०२२च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाटीवाटीच्या वस्त्यांमध्ये लहान मुलं तापानं फणफणू लागली. दोन-चार दिवसांनी त्यांच्या अंगावर पुरळ उठायचं. पाठोपाठ मृत्यूच्या बातम्या आल्या आणि हा गोवर आहे हे शहराच्या ध्यानात आलं. नोव्हेंबरात मालेगाव आणि भिवंडीतूनही तशाच बातम्या येऊ लागल्या. महापालिकेच्या आरोग्यसेविका गल्लोगल्ली फिरून ताप आणि पुरळ असलेली मुलं शोधत होत्या. जी मुलं दगावली त्यांतल्या बहुतेकांना गोवराची लस मिळालेली नव्हती. कोविडच्या दोन वर्षांत लसीकरणात पडलेला खंड भरून निघालेला नव्हता.

त्या साथीतला एक प्रश्न मला अजूनही महत्त्वाचा वाटतो. मूल आजारी आहे हे आईला दिसत असतं, अंगावर पुरळ आहे हेही दिसत असतं. मग दवाखान्यात जायला उशीर का होतो? गरिबी आणि अंतर ही कारणं आहेतच. पण एक कारण असंही आहे की गोवर आणि कांजिण्या ही नावं आपण एका दमात घेतो आणि दोन्हींकडे बालपणी येऊन जाणारं दुखणं म्हणून पाहतो. पुरळ येईल, आठवड्यात उतरेल, असं घरातलं मोठं माणूस सांगतं. पुष्कळदा ते खरंही ठरतं. मात्र हे दोन आजार एकमेकांच्या नात्यातलेही नाहीत. त्यांचे विषाणू वेगळे, पुरळ वेगळं, धोक्याचे दिवस वेगळे, आणि घरात मूल किती दिवस वेगळं ठेवायचं त्याचा हिशोबही वेगळा. हा सगळा हिशोब एका गोष्टीपासून सुरू होतो, ती म्हणजे पुरळ पहिल्यांदा दिसलं ती तारीख. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पुढे ती वारंवार लागते.

गोवराची ओळख पटते ती पुरळाच्या आधीच्या दिवसांवरून. पुरळ उठायच्या तीन-चार दिवस आधी मुलाला चांगलाच ताप येतो, १०३-१०४ फॅरनहाइटपर्यंत. नाक वाहतं, कोरडा खोकला लागतो आणि डोळे लाल होऊन पाणावतात. उजेड सहन होत नाही म्हणून मूल तोंड फिरवतं, आईच्या कुशीत डोळे मिटून पडून राहतं. ताप, खोकला, वाहतं नाक आणि लाल डोळे हे चारही एकत्र असतील तर अंगावर काहीच दिसत नसतानाही गोवराचा विचार करावा. या दिवसांत टॉर्च घेऊन मुलाच्या गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर पाहिलं तर कधी कधी लालसर पार्श्वभूमीवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. न्यू यॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री कोप्लिक यांनी १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून वैद्यकात त्यांना कोप्लिकचे ठिपके म्हणतात. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी ते उमटतात आणि पुरळ पसरलं की दिसेनासे होतात. ते दिसले नाहीत म्हणून गोवर नाही असं मात्र म्हणता येत नाही.

मग पुरळ उठतं. ते कानामागे आणि केसांच्या कडेला, कपाळावर सुरू होतं, चेहऱ्यावर पसरतं, दुसऱ्या दिवशी छाती-पाठ-पोटावर येतं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत हातापायांवर उतरतं. वरून खाली येण्याचा हा क्रम गोवराची मोठी खूण आहे. ठिपके सपाट किंवा किंचित उंचावलेले असतात, त्यांत पाणी नसतं आणि चेहऱ्यावर ते एकमेकांत मिसळून चट्टे होतात. पुस्तकांतली चित्रं बहुधा गोऱ्या कातडीवरची असतात, त्यांत लालभडक रंग दिसतो. आपल्याकडच्या सावळ्या मुलांत तो लालपणा फारसा उठून दिसत नाही. तिथे हातानं तपासावं. कपाळावरून, छातीवरून तळहात फिरवला की त्वचा खरखरीत लागते, आणि खिडकीच्या उजेडात तिरपं पाहिलं तर उंचवटे दिसतात. पुरळ उठतं त्याच सुमारास ताप सगळ्यात जास्त असतो आणि मूल सगळ्यात मलूल दिसतं. तीन-चार दिवसांनी, ज्या क्रमानं आलं त्याच क्रमानं, पुरळ मावळू लागतं. मागे तपकिरी डाग राहतात आणि त्वचेचा बारीक कोंडा सुटतो.

कांजिण्यांची गोष्ट जवळजवळ उलटी आहे. लहान मुलात आधीचे दिवस नसल्यासारखेच असतात. फार तर एखादा दिवस अंग कोमट लागतं, जेवणावर वासना नसते. अनेकदा आंघोळ घालताना पोटावर किंवा पाठीवर दोन-चार लाल ठिपके दिसतात आणि आईला वाटतं डास चावले. काही तासांत त्या ठिपक्यांचे पाण्यानं भरलेले, पातळ सालीचे, टचकन फुटतील असे फोड होतात. त्यांतलं पाणी दिवसभरात गढूळ होतं, फोड मधे खोलगट होतो आणि त्यावर खपली धरते. एवढ्यात शेजारी नवे ठिपके उठलेले असतात. तीन-चार दिवस अशा खेपांमागून खेपा येत राहतात. म्हणून तिसऱ्या दिवशी मुलाची पाठ पाहिली तर तळहाताएवढ्या जागेत ताजा लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि वाळलेली खपली ही तिन्ही शेजारी शेजारी सापडतात. हीच कांजिण्यांची खात्रीची खूण. फोड अंगाच्या मध्यभागी, म्हणजे छाती-पाठ-पोटावर दाट असतात, हातापायांच्या टोकांकडे विरळ. डोक्यात केसांखाली आणि तोंडात टाळूवरही येतात. लस न घेतलेल्या मुलात एकूण अडीचशे ते पाचशे फोड येणं नेहमीचं आहे. आणि ते खाजतात, प्रचंड खाजतात. गोवरातलं मूल मलूल होऊन पडून राहतं. कांजिण्यांतलं मूल बहुधा चिडचिडं आणि जागं असतं, खाजवत असतं.

गोंधळ करणारे इतर आजारही आहेत. हात, पाय आणि तोंडाचा एक आजार पावसाळ्यात बालवाड्यांतून फिरतो. त्यातही फोड येतात, पण ते तळहात, तळपाय आणि तोंडाभोवती गोळा झालेले असतात. डेंग्यूत आणि काही औषधांच्या ॲलर्जीतही पुरळ येतं. कांजिण्यांची लस घेतलेल्या मुलाला आजार झालाच तर पन्नासहूनही कमी ठिपके येतात आणि त्यांत पाणी धरेलच असं नाही. अशा वेळी डॉक्टरही लगेच खात्री देत नाहीत. मात्र पुरळावर काचेचा पारदर्शक ग्लास दाबून धरला तरी जे ठिपके फिके पडत नाहीत, जांभळेच राहतात, आणि सोबत ताप आहे, तिथे थांबू नये. ते रक्तस्रावाचे ठिपके असू शकतात. मूल तातडीनं रुग्णालयात न्यावं.

गोवराचा खरा घात पुरळानं होत नाही. हा विषाणू श्वासमार्गाचं अस्तर सोलवटतो आणि शरीराची रोगप्रतिकारशक्ती काही आठवडे, कधी काही महिने कमजोर करून ठेवतो. आधी झालेल्या आजारांची शरीराने जपलेली आठवण, म्हणजे जुनी प्रतिपिंडं, तोही काही प्रमाणात पुसतो, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून स्पष्ट झालं. त्यामुळे गोवराच्या मागोमाग दुसरे जंतू सहज शिरतात. कान फुटतो, जुलाब लागतात, न्यूमोनिया होतो. गोवरानं दगावणाऱ्या मुलांमध्ये न्यूमोनिया हे सगळ्यात मोठं कारण आहे. साधारण हजारात एका मुलाच्या मेंदूला सूज येते. क्वचित, गोवर बरा होऊन सात-दहा वर्षं लोटल्यावर, मेंदू हळूहळू निकामी करणारा एक असाध्य आजार उद्भवतो. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांत त्याचा धोका जास्त असतो.

इथे तारखेचा पहिला उपयोग आहे. साध्या गोवरात पुरळ उठल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत ताप उतरायला लागतो. पाचव्या दिवशीही ताप तसाच असेल, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर दुसरं काही तरी सुरू झालं असं समजून मुलाला दाखवावं. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळात मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, पोट उडत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावं. झटका येणं, मूल हाकेला ओ न देणं, पाणीही न पिणं किंवा प्यायलेलं सगळं उलटून पडणं, आठ तासांत लघवी न होणं, डोळ्याच्या बुबुळावर पांढरट ढग दिसणं, या सगळ्यालाही तीच घाई लागू आहे.

बुबुळावरचा ढग हा मुद्दा इथे मुद्दाम आणला, कारण गोवरानं आलेलं अंधत्व टाळता येतं. गोवरात शरीरातलं अ जीवनसत्त्व झपाट्यानं खर्ची पडतं. ज्या मुलाच्या अंगात ते आधीच कमी, त्याचं बुबुळ कोरडं पडून त्यावर व्रण होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस द्यावा: सहा महिन्यांखाली ५० हजार युनिट, सहा महिने ते एक वर्ष १ लाख, आणि एक वर्षानंतर २ लाख. डोळ्यांत कमतरतेची लक्षणं असतील तर दोन ते सहा आठवड्यांनी तिसरा डोस. गोवरानं होणारे मृत्यूही यामुळे कमी होतात. दवाखान्यात डॉक्टरांनी हा डोस दिला नाही तर आईनं आठवणीनं विचारावं. मात्र दुकानातून आणून स्वतःच देऊ नये, कारण हे जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि जास्त झालं तर अपाय करतं. डोळ्यांत काजळ, मध किंवा आईचं दूध घालू नये. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून नाकाकडून कानाकडे एकदा पुसावं आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्यावा.

घरोघरी असलेल्या एका समजाबद्दल इथे बोलायला हवं. गोवर अंगावर पूर्ण बाहेर पडू द्यावा, औषध दिलं तर तो आत जिरतो, असं अनेक ठिकाणी मानतात. त्यामागे पिढ्यान्पिढ्यांनी पाहिलेलं काही तरी आहे. पुरळ मावळत असताना मूल अचानक जास्त आजारी झालं, श्वास लागला, हे अनेक घरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण पुरळ आत गेलं म्हणून ते झालं नाही. न्यूमोनिया नेमका त्याच दिवसांत डोकं वर काढतो. म्हणजे जो काळ आपण सुटकेचा समजतो, तोच लक्ष ठेवायचा काळ आहे. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावून बाहेरच्यांना आत न घेण्याची रीत जिथे आहे तिथे ती जरूर पाळावी, कारण त्या रीतीत विलगीकरणाचं शहाणपण आहे. मूल उपाशी ठेवणं, पाणी मोजून देणं, ताप असूनही पांघरुणांत गुंडाळून दारं-खिडक्या लावून घेणं, या रीती मात्र सोडाव्यात. अंगावरचं दूध चालूच ठेवावं. पेज, वरणभात, मऊ खिचडी, ताक, जुलाब असतील तर ओआरएस, थोडं थोडं आणि सारखं द्यावं. गोवरातून उठलेलं मूल आठवडाभरात वाळून जातं. पुढचे दोन-तीन आठवडे रोज एक जेवण जास्त दिलं तरच ते भरून येतं.

तापासाठी पॅरासिटामॉल पुरतं, पण डोस वजनावरून ठरतो. एका वेळेला किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. बारा किलोच्या मुलाला एका वेळेला १८० मिलिग्रॅम लागतं. पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ते साडेतीन मिलिलिटरच्या आसपास होतं, आणि १२५ मिलिग्रॅमचं असेल तर सुमारे सात. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच असतात. घरात जुनी एक आणि नवी एक अशा दोन बाटल्या असतील तर घोटाळा हमखास होतो. बाटलीवरचा आकडा वाचूनच माप भरावं. ॲस्पिरिन मुलांना कधीच देऊ नये. कांजिण्यांत त्यामुळे यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा एक दुर्मीळ पण जीवघेणा विकार होऊ शकतो. कांजिण्यांत आयबुप्रोफेनही टाळलेलं बरं, कारण फोडांत जंतू शिरून पसरण्याशी त्याचा संबंध आढळला आहे.

कांजिण्यांचा धोका बहुतेक मुलांत कातडीपुरताच असतो. नखानं फोडलेल्या फोडात जंतू शिरतात. एखादा फोड इतरांपेक्षा मोठा लाल, गरम आणि हात लावताच दुखणारा झाला, लाली भोवती पसरू लागली, पू आला, किंवा कांजिण्यांचे दोन-तीन दिवस बरे गेल्यावर ताप नव्यानं चढला, तर तो जंतुसंसर्ग आहे असं धरून त्याच दिवशी दाखवावं. यातले काही जंतू कातडीखालून वेगानं पसरतात. म्हणून नखं कापणं हा कांजिण्यांतला पहिला उपचार म्हणावा लागेल. तान्ह्या बाळाच्या हातांना सुती मोजे घालावेत. रोज कोमट पाण्यानं आंघोळ घालावी, न घासता टॉवेलनं टिपून घ्यावं, सैल सुती कपडे घालावेत, खाजेवर कॅलामाइन लावावं. आंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला घातला तर हरकत नाही. हळदीचे आणि पाल्याचे लेप मात्र फुटलेल्या फोडांवर थापू नयेत. फोड भरल्यावर एखाद्या आठवड्यानं मूल झोकांड्या खात चालू लागलं, किंवा फार झोपाळू झालं आणि उलट्या होऊ लागल्या, तर ते मेंदूशी संबंधित आहे. थांबू नये.

त्याच घरातल्या काही माणसांना मात्र कांजिण्या फार महागात पडू शकतात. मोठ्या माणसांत आजार जोरात येतो आणि न्यूमोनियाची भीती असते. कर्करोगाचे उपचार चालू असलेलं मूल, स्टेरॉइडच्या गोळ्यांवर असलेलं मूल, आणि ज्या गरोदर बाईला आधी कांजिण्या झालेल्या नाहीत ती, यांच्यासाठी नुसता संपर्कही डॉक्टरांना कळवण्याजोगा असतो, पुरळाची वाट पाहायची नसते. पहिल्या पाच महिन्यांत गरोदर बाईला कांजिण्या झाल्या तर क्वचित गर्भावर परिणाम होतो. आणि बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला पुरळ उठलं तर नवजात बाळाला फार गंभीर कांजिण्या होऊ शकतात, कारण आईची प्रतिपिंडं बाळापर्यंत पोचायला वेळच मिळालेला नसतो. एसायक्लोव्हिर नावाचं विषाणूविरोधी औषध अशा लोकांसाठी आणि बारा वर्षांवरच्या मुलांसाठी डॉक्टर देतात. ते पुरळ उठल्यापासून चोवीस तासांत सुरू झालं तर उपयोगी पडतं. पुन्हा तारीखच.

आता मूल वेगळं कसं ठेवायचं ते एका घराचं उदाहरण घेऊन पाहू. समजा, दहा बाय बाराची एक खोली आहे. त्यात आई-वडील, चार वर्षांची मुलगी, आठ महिन्यांचा मुलगा आणि पहिल्यांदाच गरोदर असलेली काकू राहतात. मुलीला ३ तारखेला ताप आला आणि ६ तारखेला कानामागे पुरळ दिसलं. डॉक्टर म्हणाले, गोवर.

गोवराचं मूल पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत संसर्ग देतं. म्हणजे ही मुलगी २ तारखेपासूनच विषाणू सोडत होती, ताप यायच्याही आधी, आणि १० तारखेपर्यंत सोडत राहील. बालवाडीत तिला ११ तारखेनंतर, तीही ताप उतरून अंगात ताकद आली असेल तरच पाठवावं. भावाला ६ तारखेपासून वेगळ्या कोपऱ्यात ठेवून फारसं साधणार नाही, कारण तो चार दिवस त्याच हवेत श्वास घेत आहे. गोवराचा विषाणू खोकल्यातून हवेत पसरतो आणि माणूस निघून गेल्यावरही बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. लस न घेतलेले आणि पूर्वी गोवर न झालेले दहा जण जवळ असतील तर त्यांपैकी नऊ जणांना तो लागतो. संपर्क आल्यावर बहात्तर तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो, पण भावाचे बहात्तर तास ५ तारखेलाच, पुरळ दिसायच्या आदल्या दिवशीच, संपले. त्याच्यासाठी उरतो तो तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचा मार्ग. ते संपर्कापासून सहा दिवसांत, म्हणजे ८ तारखेपर्यंतच द्यावं लागतं. नऊ महिन्यांखालच्या बाळासाठी ते हवं का, हे बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी विचारावं. काकूसाठीही तोच प्रश्न त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना विचारावा. गरोदरपणात गोवराची लस देत नाहीत, म्हणून तिला आधी गोवर झाला होता का किंवा लस मिळाली होती का, हे तिच्या आईला फोन करून विचारणं फार उपयोगी ठरतं. खात्री नसेल तर तिनं निदान १० तारखेपर्यंत दुसरीकडे राहावं. पण जिथे जाईल तिथे तान्हं बाळ किंवा लस न झालेलं मूल नको, कारण तिलाही लागण झालेली असू शकते.

भावाला लागण झाली असेल तर १२ तारखेच्या सुमारास ताप येईल आणि १६ तारखेच्या आसपास पुरळ दिसेल. तो स्वतःही पुरळाआधी संसर्ग देणार असल्यामुळे ७ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत त्याला लग्नात, बाजारात, पाळणाघरात नेऊ नये. दवाखान्यात नेतानाही आधी फोन करावा आणि बाहेरच थांबावं. दवाखान्याची दाटलेली प्रतीक्षा खोली ही गोवर पसरण्याची हुकमी जागा आहे.

या घरापुरतं उशीर झाला तरी शेजारच्या घरांसाठी झालेला नसतो. मुलीसोबत ५ तारखेला खेळून गेलेल्या शेजारच्या मुलाची लस राहिली असेल तर त्याच्यापाशी ८ तारखेपर्यंत वेळ आहे. म्हणून आशाताईला किंवा आरोग्य केंद्राला ६ तारखेलाच कळवावं. त्या रक्ताचा नमुना घेण्याची व्यवस्था करतात आणि आजूबाजूच्या मुलांची लसीकरणाची कार्डं तपासतात. २०२२च्या साथीत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ज्यादा डोस, आणि जिथे नऊ महिन्यांखालची बाळंही आजारी पडत होती तिथे सहा महिन्यांपासून एक आगाऊ डोस द्यायला सरकारनं सांगितलं होतं. हा आगाऊ डोस नेहमीच्या दोन डोसांत धरला जात नाही.

खोलीतल्या खोलीत करता येतं ते हवेचं काम. खिडकी आणि समोरचं दार उघडं ठेवून वारा आरपार जाऊ द्यावा. मुलीचं अंथरूण खिडकीशी, भावाचं दाराशी. तिचं पाहायला गोवर होऊन गेलेल्या किंवा दोन डोस झालेल्या एकाच माणसानं राहावं. ताटवाट्या वेगळ्या ठेवल्या तर ठेवाव्यात, पण जीव त्यात नाही, हवेत आहे.

त्याच मुलीला ६ तारखेला कांजिण्या उठल्या असत्या तर हिशोब बदलला असता. कांजिण्यांचं मूल पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत संसर्ग देतं. इथे ठरलेला आकडा नाही. रोज संध्याकाळी अंग पाहायचं, डोक्यातलेही फोड पाहायचे. नवा फोड नाही आणि जुने सगळे कोरडे, असं ज्या दिवशी दिसेल, बहुधा १२-१३ तारखेला, तेव्हा ती मोकळी. वाळलेल्या खपल्यांतून संसर्ग होत नाही, त्यामुळे त्या गळून पडेपर्यंत शाळा बुडवायची गरज नसते. इथे हवेइतकंच फोडांतल्या पाण्याचंही भय असतं, म्हणून टॉवेल, चादर, उशी वेगळी. नेहमीच्या साबणानं धुवून उन्हात वाळवणं पुरेसं आहे. भावाला कांजिण्या यायच्या असतील तर त्या साधारण १८ ते २२ तारखेच्या दरम्यान येतील. घरातला दुसरा रुग्ण बहुधा पहिल्यापेक्षा जास्त फोड घेऊन येतो, कारण त्याचा संपर्क जास्त जवळचा आणि जास्त वेळाचा असतो. आणि घरात आजोबांना नागीण झाली असेल तर त्यांचे फोड झाकून ठेवावेत. नागीण म्हणजे त्यांच्या लहानपणच्या कांजिण्यांचाच मज्जातंतूंत दडून बसलेला विषाणू. त्या फोडांतून नातवंडांना कांजिण्या होऊ शकतात.

सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस नऊ ते बारा महिन्यांत पहिली आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी, अशी मोफत मिळते. कांजिण्यांची लस या कार्यक्रमात नाही. ती पंधरा महिन्यांनंतर खासगी बालरोगतज्ज्ञांकडे विकत घ्यावी लागते. घरात कमजोर प्रतिकारशक्तीचं कुणी असेल तर तो खर्च मला सार्थ वाटतो. कांजिण्या एकदा होऊन गेल्या की त्यांची लस लागत नाही. गोवराचं तसं नाही. गोवर होऊन गेला म्हणून अनेक आया दुसरा डोस चुकवतात. पण ज्याला आपण गोवर म्हटलं ते पुरळ दुसऱ्याच विषाणूचं असू शकतं, आणि त्या लसीतला रुबेलाचा भाग तर मुलाला हवाच असतो. मूल पूर्ण बरं झालं की कार्ड घेऊन लसीकरणाच्या दिवशी केंद्रावर जावं आणि राहिलेला डोस घ्यावा.